‘औषध घेतलं होतं’

मी शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात मानसोपचार विभागात नुकतीच रुजू झाले होते. समोर पंचविशीतली एक बाई बसली होती आणि मी छापील केस पेपरवरचे प्रश्न एकामागून एक विचारत होते. "पूर्वी कधी औषध घेतलं होतं का?" ती म्हणाली, "हो, एकदा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी." मी लिहिलं, ‘मानसिक त्रासासाठी पूर्वी उपचार झाले आहेत, अंदाजे 3 वर्षांपूर्वी, गोळ्यांची नावं आठवत नाहीत.’ आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

संध्याकाळी आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि विचारलं, "कोणतं औषध? कुणी दिलं होतं?" मी ते विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन विचारलं, तेव्हा तिने मान खाली घालून सांगितलं. कपाशीवर मारायचं औषध होतं ते.

शेतीच्या गावात राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पिकावर ‘औषध मारतात’ आणि माणूस ‘औषध घेतो’. जीव देण्याचा प्रयत्न सांगायला याहून सौम्य शब्द आपल्याकडे नाही. मी त्याच भाषेत वाढले, तरी हातात केस पेपर आला आणि मी गावचं मराठी विसरले. त्या बाईने आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मला सरळ सांगितली होती आणि मी ती गोळ्यांच्या रकान्यात टाकली. तो कागद तसाच फाइलमध्ये गेला असता, तर पुढच्या प्रत्येकाने ‘पूर्वी प्रयत्न नाही’ असंच गृहीत धरलं असतं.

त्यानंतर आजतागायत मी हे काम करते आहे, आणि नवीन मुलामुलींना शिकवतेही. आमच्या भाषेत याला ‘इनटेक समरी’ म्हणतात. नवा पेशंट पहिल्यांदा येतो, त्याच्याशी तास-दीड तास बोलणं होतं आणि त्या बोलण्याचा दीड-दोन पानांचा गोषवारा तयार होतो. तक्रार काय, ती कधीपासून, आधीचं आयुष्य कसं, आज समोर बसलेला माणूस कसा दिसला, आम्हाला काय वाटतं आणि जिवाला धोका किती, हे सगळं त्यात येतं. हा गोषवारा लिहिणाऱ्यासाठी नसतो. गुरुवारी येणारे मानसोपचारतज्ज्ञ तो वाचतात, घरभेटीला जाणारा समाजसेवक वाचतो, सहा महिन्यांनी रात्रपाळीला असलेला आणि या माणसाला कधीच न पाहिलेला डॉक्टर वाचतो. आणि तो माणूस स्वतःही वाचू शकतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 25 ने आपली वैद्यकीय कागदपत्रं पाहण्याचा हक्क त्याला दिलेला आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, की तो शेजारी बसून वाचतो आहे असं समजून प्रत्येक वाक्य लिहा.

हा कागद कसा तयार होतो ते एका उदाहरणावरून सांगते. खालचा माणूस कुणी एक नाही. बऱ्याच जणांच्या हकिकतींमधून मी तो जुळवला आहे, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडणार नाही.

नोव्हेंबरचा महिना. द्राक्षाच्या पट्ट्यातला 43 वर्षांचा बागायतदार, अडीच एकर बाग. सोबत बायको आणि बायकोचा भाऊ. डॉक्टरांची चिठ्ठी आहे: ‘ईसीजी नॉर्मल, टेन्शन वाटते, पुढे पाठवत आहे.’

पहिलं वाक्य तक्रारीचं. इथे बहुतेक जण घसरतात, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात आजाराचं नाव आधीच तयार असतं आणि हात तेच लिहून मोकळा होतो. ‘पेशंट डिप्रेशनची तक्रार घेऊन आला’ असं मी शेकडो कागदांवर वाचलं आहे. पण डिप्रेशनची तक्रार घेऊन कुणी येत नाही. हा गृहस्थ म्हणाला होता, "मॅडम, रात्री तीनला डोळे उघडतात आणि छातीत धडधडतं. मग उजाडेपर्यंत नुसता पडून असतो." बायको म्हणाली, "हे बोलतच नाहीत. पोरीशीसुद्धा नाही." मेहुणा म्हणाला, "बागेकडे लक्ष नाही राहिलं."

ही तीन वाक्यं त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत आणि कोण काय म्हणालं हे लिहून कागदावर यायला हवीत. आमच्याकडचे बहुतेक कागद इंग्रजीत लिहिले जातात, आणि त्यात पेशंटचे शब्द विरघळून जातात. ‘जीव घाबरा होतो’, ‘धडधडतं’, ‘जीवात जीव नाही’ आणि ‘कशात जीव रमत नाही’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन भीतीकडे जातात, तिसरी थकव्याकडे, चौथी रस संपण्याकडे. कागद इंग्रजीत असला, तरी ही वाक्यं देवनागरीत तशीच ठेवा असा माझा आग्रह असतो. पुढच्या डॉक्टरने वेगळा निष्कर्ष काढायचा म्हटला, तर त्याला कच्चा माल मिळाला पाहिजे.

मग हकिकत. तिचा कणा म्हणजे तारखा. गावाकडच्या माणसाला ‘कधीपासून?’ विचारलं की ‘लई दिवस झाले’ हेच उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. त्याच्या दिनदर्शिकेत महिने नसतात, कामं असतात. म्हणून मी बागेवरून विचारते. खरड छाटणीला झोप कशी होती? गोडीबार छाटणीला? पाऊस झाला तेव्हा? असं विचारत गेलं की क्रम आपोआप उलगडतो. मार्चमध्ये माल काढायला आला असताना अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले, व्यापाऱ्याने सौदा मोडला. एप्रिलची छाटणी त्याने स्वतः उभं राहून करून घेतली. म्हणजे तेव्हा तो तुटलेला नव्हता. सोसायटीचं कर्ज थकलं, जूनमध्ये मुलीच्या कॉलेजची फी उसनवारीने भरली, आणि त्याच सुमारास झोप गेली. ऑगस्टपासून संध्याकाळची दारू सुरू झाली. ऑक्टोबरची छाटणी मेहुण्याने केली.

हा क्रम का महत्त्वाचा? रात्री तीनला जाग येणं आणि छातीत धडधडणं यामागे निदान तीन कारणं असू शकतात. खोल उदासीनतेत पहाटे फार लवकर जाग येते आणि सकाळ सर्वांत जड जाते. रोज दारू पिणाऱ्याची दारू मध्यरात्रीनंतर उतरू लागली, की तीही त्याला उठवते, धडधड आणि घाम आणते. थायरॉइड जास्त चालत असलं तरी असंच होतं. कागदावर नुसतं ‘निद्रानाश, धडधड, मद्यपान’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला यातलं काहीच ठरवता येत नाही. ‘झोप जूनपासून गेली, दारू ऑगस्टपासून वाढली’ एवढं एक वाक्य लिहिलं, की निम्मं कोडं सुटतं. दारूने झोप घालवलेली नाही. झोपेसाठी दारू जवळ केली आहे. आता मात्र दारूही स्वतःचा वाटा उचलत असणार. आणि थायरॉइडची तपासणी अजून झालेलीच नाही, हेही स्पष्ट लिहायचं.

दारूबद्दल आणखी थोडं. "घेता का?" या प्रश्नाला "अधूनमधून" हे उत्तर ठरलेलं आहे. ते कागदावर उतरवणं म्हणजे काहीच न लिहिणं. मी विचारते, "काल किती घेतली? परवा? बाटली कोणती आणतात?" निघालं असं, की गेले दीड-दोन महिने रोज एक क्वार्टर. म्हणजे 180 मिलिलीटर. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण 42.8 टक्क्यांची असते, तेव्हा एका क्वार्टरमध्ये 60 ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. हा आकडा लिहिला की पुढचा डॉक्टर विचारतो, सकाळी हात थरथरतात का? एखादा दिवस सुटली तर काय होतं? दारू एकाएकी बंद करायला सांगण्यात काही जणांना झटके येण्याचा धोका असतो, त्यामुळे हे प्रश्न पहिल्याच दिवशी लागतात. याचे हात थरथरत नव्हते. तेही लिहिलं. विचारलं आणि ‘नाही’ म्हणाला, ही माहिती असते. न विचारता रकाना कोरा राहिला, तर वाचणाऱ्याला ते ‘नाही’ वाटतं आणि मग घात होतो.

बायकोने पिशवीतून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली. मेडिकलवाल्याने ‘झोपेची’ म्हणून दिलेली. पट्टीवर अल्प्राझोलाम 0.5 मिलिग्रॅम असं छापलेलं होतं. दारूवर ही गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो. नाव, मात्रा, किती दिवस आणि कुणाच्या सांगण्यावरून, या चारही गोष्टी पट्टी पाहूनच लिहायच्या. ‘झोपेची गोळी’ असं कधीच नाही.

पूर्वीच्या हकिकतीत आणखी एक प्रश्न असा आहे, की तो सुटला तर उपचारच उलटू शकतो. कधी याच्या अगदी विरुद्ध दिवस आले होते का? झोप दोन-तीन तासांवर आली तरी दमणूक नाही, डोक्यात कल्पनांची गर्दी, पैसा पाण्यासारखा खर्च, माणसं म्हणाली ‘याला झालंय काय’? उदासीनतेच्या मागे असा उन्मादाचा काळ लपलेला असेल, तर फक्त उदासीनतेची गोळी दिल्याने तो उन्माद उसळू शकतो. हा प्रश्न घरच्यांनाही विचारावा लागतो, कारण ज्याला ते दिवस आले त्याला ते चांगलेच वाटलेले असतात. आमच्या बागायतदाराला असं कधी झालं नव्हतं. बायकोनेही तेच सांगितलं.

आणि मग मी म्हटलं, "ताई, भाऊ, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसता का? मी सगळ्यांशीच एकेकट्याने बोलते." हे वाक्य मी प्रत्येक वेळी म्हणते, त्यामुळे कुणाला वेगळं वाटत नाही. दार बंद झाल्यावर विचारलं, "यापूर्वी आयुष्यात कधी, पिकाचं औषध घेऊन किंवा दुसरं काही करून, जीव द्यायचा प्रयत्न झाला होता का?"

बराच वेळ तो टेबलाकडे बघत राहिला. "चोविसाव्या वर्षी. लग्नाआधी. पाच दिवस दवाखान्यात होतो. घरच्यांनी सांगितलं, फवारताना लागलं. बायकोला तेच माहीत आहे."

फवारताना लागलं. हेही मला नवीन नाही. भारतीय दंड विधानाच्या कलम 309 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, आणि पोलिसांच्या जबाबाला भिऊन असंख्य घरांनी ‘चुकून’ हा शब्द कायमचा चिकटवून ठेवला. 2017 च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायला सांगितलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम तसं उरलेलं नाही. पण घरात सांगितलेली गोष्ट कायदा बदलला म्हणून बदलत नाही. म्हणून जुन्या अपघाताबद्दल, विहिरीत पडण्याबद्दल, ‘चुकून जास्त गोळ्या गेल्या’ याबद्दल हळुवारपणे पण पुन्हा विचारावंच लागतं.

त्याच्या चुलत्याबद्दलही असंच निघालं. "ते विहिरीत पडून गेले," तो म्हणाला. अधिक माहिती त्याला नव्हती. तो तेव्हा लहान होता. इथे मोह होतो ‘कुटुंबात आत्महत्येचा इतिहास’ असं लिहून टाकण्याचा. मी लिहिलं, ‘चुलते "विहिरीत पडून गेले" असे सांगतो, पेशंट तेव्हा लहान होता, परिस्थिती माहीत नाही.’ एखाद्या माणसाच्या मृत्यूचं कारण ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण ते वाक्य कागदावर आहे, आणि पुढच्याला त्याचं वजन करता येईल.

बायकोला माहीत नसलेली गोष्ट कागदावर लिहायची कशी? लिहायची तर आहेच, कारण पुढच्या धोक्याचा अंदाज तिच्यावर टेकलेला आहे. म्हणून तिच्याखालीच लिहिलं: ‘ही माहिती पत्नीला नाही; पेशंटची सध्या सांगण्याची तयारी नाही.’ गोपनीयता हा कलम 23 ने दिलेला हक्क आहे. जिवावरचा धोका टाळण्यासाठी लागेल तेवढीच माहिती बाहेर देता येते, त्याहून जास्त नाही. घरी काय सांगायचं, हे मी त्याच्यासमोरच ठरवलं. आत्ता मनात चाललेले विचार घरच्यांना सांगायचे, कारण त्याशिवाय ते त्याला सांभाळू शकणार नाहीत. जुनी गोष्ट सांगायची की नाही, हे त्याच्या हातात.

यापुढचा भाग म्हणजे समोर काय दिसलं त्याचं वर्णन. याला मनःस्थिती तपासणी म्हणतात, आणि इथे डोळे-कान उघडे ठेवून लिहावं लागतं. ‘स्वच्छ, सहकार्य करणारा, बोलणं नॉर्मल’ अशी ओळ मी वाचते, तेव्हा मला त्या माणसाचं काहीच दिसत नाही. मी लिहिलं ते असं: ‘शर्ट स्वच्छ, दाढी चार-पाच दिवसांची. पट्टा नव्याने पाडलेल्या भोकात, पँट कमरेला सैल; वजन कमी झाल्याचे पत्नीही सांगते. प्रश्न आणि उत्तर यांमध्ये दोन-तीन सेकंद थांबतो, आवाज वाक्याच्या शेवटी विरतो. मनाबद्दल विचारता "काळा पडदा पडलाय" म्हणाला. मुलीचा विषय निघाला तेव्हाच चेहरा हलला, डोळे भरले. "माझ्यामुळे सगळ्यांच्या नशिबाला लागलं" असे वारंवार म्हणतो. पाऊस सगळ्यांच्याच बागेवर झाला ना, असे विचारल्यावर "ते खरं आहे" असे मान्य करतो.’

शेवटचं वाक्य नीट पाहा. अपराधीपणा आहे, पण समजावल्यावर तो थोडा हलतो. अवकाळी पाऊसच मुळात आपल्या पापामुळे पडला, असं तो ठाम म्हणाला असता आणि कशानेही हलला नसता, तर ते भ्रमाकडे गेलं असतं, आणि मग उपचार, दाखल करण्याची गरज, धोका, सगळंच बदललं असतं. एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर लिहून ठेवलं म्हणून हा फरक कागदावर उरला.

आता धोका. मुलाखतीत विद्यार्थी सर्वांत जास्त घाबरतात ते इथेच. विचारल्याने विचार डोक्यात भरवला जाईल, ही भीती सर्वांना असते, घरच्यांना तर फारच. या विषयावर झालेल्या अभ्यासांमधून तसं होत असल्याचं दिसलेलं नाही. विचारलं की बरेच जण मोकळे होतात. मी पायरीपायरीने जाते. जगणं नकोसं वाटतं का? मरण आलं तर बरं, असं वाटतं का? स्वतःच जीव संपवावा असं मनात येतं का? शेवटचं कधी आलं? कसं करायचं हे डोक्यात आहे का? त्यासाठी काही पाऊल उचललं होतं का? आणि मग, ज्या प्रश्नाचं उत्तर कागदावर सर्वांत जास्त उपयोगी पडतं तो: त्या वेळी परत कशामुळे फिरलात?

तो गेल्या पंधरवड्यात दोनदा शेडपर्यंत जाऊन परत आला होता. दुसऱ्या वेळी मुलीचा फोन आला. "तिने विचारलं, पप्पा, जेवलात का?"

आपल्याकडे अजूनही इथे एक शब्द लिहायची पद्धत आहे: धोका कमी, मध्यम किंवा जास्त. माझं मत विचाराल तर हा शब्द लिहिणाऱ्याला दिलासा देतो, वाचणाऱ्याला काही सांगत नाही. 2017 मध्ये जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी 50 वर्षांतले 365 अभ्यास एकत्र तपासले. कोण आत्महत्येचा प्रयत्न करेल याचं एकेका धोक्याच्या घटकावरून केलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा थोडंच बरं ठरत होतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शिकेत तर स्पष्ट सांगितलं, की पुढे काय होईल याचं भाकीत करायला गुणांचे तक्ते वापरू नका, आणि कमी-मध्यम-जास्त अशा वर्गवारीवरून कुणाला उपचार द्यायचे हे ठरवू नका. प्रश्नावल्यांना अर्थ नाही असं नव्हे. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी मीही वापरते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ती विचारते आणि एकूण गुण 27 पर्यंत जातात. याचे 19 आले. पण त्या आकड्यात शेड नाही, मुलीचा फोन नाही.

त्याऐवजी काय लिहायचं? अँथनी पिसानी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये सुचवलेली रीत मला पटते. इतरांच्या तुलनेत हा माणूस कुठे आहे. त्याच्या स्वतःच्या एरवीच्या स्थितीच्या तुलनेत आज कुठे आहे. त्याला धरून ठेवणारं काय आहे. आणि पुढे काय घडलं तर हे चित्र झटक्यात बदलेल. मी लिहिलेला परिच्छेद असा होता:

‘ओपीडीत पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेक पेशंटांपेक्षा धोका अधिक: 24 व्या वर्षी कीटकनाशकाने प्रयत्न, सध्या उदासीनता, रोजचे मद्यपान, गेल्या 15 दिवसांत दोनदा तयारीच्या दिशेने हालचाल. मार्चपूर्वीच्या स्वतःच्या स्थितीपेक्षाही स्पष्टपणे अधिक. आज, या क्षणी, करण्याचा इरादा नाही असे सांगतो. स्वतः मदत मागतो. धरून ठेवणारे: मुलगी (रोज रात्री फोन), पत्नी, 2 किलोमीटरवर राहणारा मेहुणा. फवारणीचा हंगाम चालू असल्याने कीटकनाशक घरापासून शंभर पावलांवर, शेडला कुलूप नाही. पुढील गोष्टी घडल्यास तातडीने पुन्हा तपासावे: सोसायटीची जप्तीची नोटीस, पुन्हा अवकाळी, मुलीशी भांडण किंवा तिचा फोन बंद होणे, दारू वाढणे.’

हे वाचलं की काय करायचं ते समोर दिसतं. ‘धोका मध्यम’ वाचून कुणी शेडला कुलूप लावायला गेलं नसतं.

आणि कुलूप ही छोटी गोष्ट नाही. श्रीलंकेने 1995 मध्ये सर्वांत जहाल वर्गातल्या उरलेल्या कीटकनाशकांवर आणि 1998 मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली, त्यानंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण उतरत गेलं. लोकांची दुःखं काही त्या वर्षी कमी झाली नव्हती. तीव्र इच्छेची लाट बहुधा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळेत हाताशी काय आहे यावर जीव ठरतो. आम्ही मेहुण्याला आत बोलावलं. त्या दिवशी संध्याकाळीच सगळी फवारणीची औषधं त्याने आपल्या वस्तीवर न्यायची, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणून उरलेलं परत न्यायचं, असं पेशंटसमोरच ठरलं. पेशंट म्हणाला, "बरं होईल." झोपेच्या गोळ्यांची पट्टी बायकोकडेही ठेवली नाही, तिचं काय करायचं ते त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनी पाहून ठरवलं.

शेवटी निष्कर्ष. तो चार ओळींचा असावा आणि त्यात नवी माहिती एकही नसावी. त्याच्या आधीच्या पानांवर जे नाही ते निष्कर्षात आलं, तर समजायचं की लिहिणाऱ्याने तर्क आणि हकिकत यांची सरमिसळ केली आहे. मी लिहिलं, की तरुणपणी एकदा जीवावर उदार झालेला, जबाबदारी एकट्याने ओढण्याची सवय असलेला हा माणूस. पीक गेलं आणि कर्ज थकलं त्यानंतर दोन-तीन महिन्यांत उदासीनतेत गेला. दारू आणि न बोलणं यांनी ती टिकवून धरली आहे. मुलगी आणि मेहुणा ही त्याची बळाची जागा आहे. निदान ‘तीव्र उदासीनता, तात्पुरते’. थायरॉइड, बी-12, साखर, यकृताच्या तपासण्या बाकी. ‘तात्पुरते’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते. पहिल्या भेटीत माणूस जेवढा कळतो तेवढाच कागदावर यावा.

तिसऱ्या दिवशी आमच्या समाजसेवकाने मेहुण्याला फोन केला. कागदावर तीच तारीख, कुणी फोन करायचा त्याचं नाव आणि काय विचारायचं ते लिहिलेलं होतं: औषधं हलवली का? हलवली होती. आठव्या दिवशी तो स्वतः आला. पहाटे तीनची जाग अजून होती, पण या वेळी खुर्चीत बसल्याबसल्या त्याने बोलायला सुरुवात केली.

आपल्या घरातल्या कुणाला पहिल्यांदा आमच्याकडे आणाल, तेव्हा गोळ्यांची पट्टी, जुन्या दवाखान्याचे कागद आणि घडलेल्या गोष्टींचा क्रम सोबत आणा. आम्ही बाहेर बसायला सांगितलं तर रागावू नका. आणि ‘औषध घेतलं होतं’ म्हणजे काय ते समोरच्याला कळलं नसेल, तर स्पष्ट करून सांगा. तेवढ्यापर्यंत थांबण्यासारखी स्थिती नसेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या दवाखान्यात न्या. आणि बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, तिथे मराठीत बोलता येतं.